स्नायू भरले की बाकीचं क्रिएटिन लघवीत: जिममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी डोसचा हिशोब

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बॅगेत आता रनिंगच्या बुटांशेजारी क्रिएटिनचा डबाही असतो. परभणी, नांदेड, लातूर, बीड, कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी उभं राहिलं की एक प्रश्न कानावर येतोच: "सर, दुप्पट घेतलं तर दुप्पट फायदा व्हतो का?" याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पण नुसतं नाही म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही. जिममधला कुणीतरी जाणता गडी दिवसाला चार-पाच स्कूप घेत असतो, त्याचा दंडही भरलेला दिसतो, आणि नवा पोरगा त्याचंच ऐकतो. म्हणून इथे पुड्याचा प्रवास शेवटपर्यंत बघू: तोंडातून रक्तात, रक्तातून स्नायूत, आणि स्नायूने नाकारलेला भाग किडनीतून लघवीत. हा प्रवास आकड्यांसकट कळला की किती घ्यायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

आधी जागा किती आहे ते मोजा

क्रिएटिन हे बाहेरचं औषध नव्हे. आपलं शरीर ते रोज बनवतं. कामाची सुरुवात किडनीत होते, यकृतात ते पूर्ण होतं, आणि तयार झालेलं क्रिएटिन रक्तावाटे स्नायूंकडे जातं. दिवसाला साधारण १ ग्रॅम असं घरचं उत्पादन असतं. मटण, चिकन, मासे खाणाऱ्याला आणखी साधारण तेवढंच जेवणातून मिळतं. एक किलो कच्च्या मांसात ४ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असतं, यावरून अंदाज येईल. ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी यांत ते जवळजवळ नसतंच, दुधात अगदी थोडं असतं. त्यामुळे माळकरी घरातल्या पोराच्या स्नायूत साठा मुळातच कमी असतो आणि त्याला पावडरचा फरकही जास्त जाणवतो.

७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात एकूण सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असतं. त्यातलं ९५ टक्के स्नायूंत. तिथे त्याचा मोठा भाग फॉस्फेट जोडलेल्या रूपात असतो, आणि पहिल्या काही सेकंदांच्या जोरदार कामात, म्हणजे १०० मीटरचा स्प्रिंट, गोळाफेक, जड वजनाचे चार-पाच रेप्स, स्नायूला लगेच ऊर्जा परत मिळवून देतो. साठा वाढला की असे जोर थोडे जास्त वेळा मारता येतात. पावडर घेण्याचा उद्देश एवढाच: हा साठा वाढवणं.

हा साठा वाढतो किती? साधारण २० टक्के. ज्याचा मुळात कमी आहे त्याचा थोडा जास्त, ज्याचा भरलेला आहे त्याचा फारच कमी. १२० ग्रॅमचे २० टक्के म्हणजे २४ ग्रॅम. शाकाहारी पोरासाठी आपण हात सैल सोडून ३५ ग्रॅम धरू.

आता डब्याकडे वळा. बाजारात मिळणाऱ्या साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटमध्ये प्रत्येक कणाला पाणी जोडलेलं असतं. त्यामुळे ५ ग्रॅम पावडरमध्ये शुद्ध क्रिएटिन सुमारे ४.४ ग्रॅम येतं. ३५ ग्रॅमची जागा भरायला ४० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे पाच ग्रॅमचे आठ स्कूप.

पूर्ण शरीरातली रिकामी जागा, सगळे स्नायू धरून, ढोबळमानाने आठ स्कूपची आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग रोज का घ्यायचं?

आठ स्कूपमध्ये काम भागत असेल तर डबा महिनोन्‌महिने कशाला, असं वाटणं साहजिक आहे. कारण साठा हळूहळू झिजतो. स्नायूतलं क्रिएटिन आपोआप, कुठल्याही एन्झाइमशिवाय, थोडं थोडं क्रिएटिनिन या दुसऱ्या पदार्थात बदलत राहतं. दिवसाला साधारण १.७ टक्के. १२० ग्रॅमच्या साठ्यातून रोज २ ग्रॅम, भरलेल्या १५० ग्रॅमच्या साठ्यातून अडीच ग्रॅम. एकदा क्रिएटिनिन झालं की ते परत क्रिएटिन होत नाही. ते रक्तात येतं, किडनी ते गाळते आणि लघवीतून बाहेर टाकते.

इथे नवे लोक दोन नावांची गल्लत करतात, म्हणून नीट वेगळं करू. लघवीत क्रिएटिनिन जातं ते स्नायूच्या रोजच्या झिजेचं. ते पावडर न घेणाऱ्याच्या लघवीतही रोज जातं, आणि जात राहायलाच हवं. लघवीत क्रिएटिन जातं ते मात्र उरलेलं, स्नायूने न घेतलेलं. पावडर न घेणाऱ्या निरोगी मोठ्या माणसाच्या लघवीत ते नगण्य असतं. तुमच्या पैशाचा जो भाग वाया जातो तो या दुसऱ्या वाटेने.

रोजची झीज दोन-अडीच ग्रॅम, त्यातलं एखाद ग्रॅम शरीर स्वतः बनवतं (बाहेरून मिळायला लागलं की थोडं कमी बनवतं). राहिलेली तूट भरायला ३ ग्रॅम पावडर पुरते. ९०-१०० किलोच्या, अंगाने भरलेल्या पहिलवानाला ५ ग्रॅम. यापलीकडे रोजच्या डोसला काही कारण उरत नाही.

पुडा पोटात गेल्यावर काय होतं

हा भाग सावकाश वाचा, कारण 'जास्त घेतलं तर जास्त जाईल' हा समज इथेच तुटतो.

पाण्यात कालवलेलं ५ ग्रॅम क्रिएटिन आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. तासा-दीड तासात रक्तातली पातळी नेहमीच्या दहापट किंवा त्याहून वर जाते आणि पुढच्या काही तासांत खाली येते. म्हणजे रक्तात पोहोचण्याची अडचण मुळात नाहीच. 'आमचं क्रिएटिन जास्त शोषलं जातं' असं सांगून महागडा प्रकार विकला जातो तेव्हा जी अडचण नाही तिचं उत्तर विकलं जात असतं. साधं मोनोहायड्रेट घ्या.

अडचण पुढे आहे. रक्तातून स्नायूच्या पेशीत क्रिएटिन आपोआप झिरपत नाही. पेशीच्या आवरणावर त्यासाठी खास वाहक प्रथिनं असतात. ती सोडियमच्या ओढीचा वापर करून क्रिएटिनचा एकेक कण आत घेतात. या वाहकांना फार मोठी पातळी लागत नाही. उपाशीपोटी रक्तात असतं तेवढ्या क्रिएटिनवरही ती बऱ्यापैकी कामात असतात, आणि एका साध्या डोसनंतर त्यांची पूर्ण क्षमता वापरात येते. त्यानंतर रक्तातली पातळी आणखी दुप्पट केली तरी वाहक दुप्पट वेगाने चालत नाहीत. त्यातच आत साठा वाढत गेला की आत घेण्याचं कामच मंदावतं. पेशी भरत आल्याची खूण आतूनच मिळते आणि ओढ कमी होते. २० ग्रॅम घ्या नाहीतर ४०, भरलेला स्नायू रोज झिजेइतकंच घेतो.

मग रक्तात राहिलेल्याचं काय? ते किडनीत येतं. किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातलं उपयोगाचं बहुतेक सगळं परत रक्तात घेते. क्रिएटिनचा कण छोटा आहे, तो गाळणीतून सहज पलीकडे जातो. नेहमीच्या पातळीला किडनीच्या नलिका तो जवळजवळ पूर्ण परत उचलतात. त्यासाठी त्यांच्याकडेही स्नायूसारखेच वाहक असतात. पण तेही मोजकेच. रक्तात क्रिएटिनची लाट आली की नलिकांची उचलण्याची ताकद संपते आणि वरचं सगळं लघवीत उतरतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे तुम्ही पाहिलेलं आहे: साखर एका पातळीवर गेली की लघवीत उतरायला लागते, त्याच्या खाली उतरत नाही. क्रिएटिनचं तसंच होतं. फरक एवढा की साखरेचं उतरणं आजाराची खूण आहे, आणि इथे किडनी नको असलेला माल बाहेर काढण्याचं तिचं साधं काम करते आहे.

हे सगळं आजचं ज्ञान नाही. अल्फ्रेड चॅनुटिन या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये माणसांना बरेच दिवस क्रिएटिन देऊन त्यांची लघवी तपासली होती. सुरुवातीला शरीराने बराच भाग धरून ठेवला, पुढे लघवीतला वाटा वाढत गेला. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस, एरिक हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूचा तुकडा काढून आतला साठाही मोजला. अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी तिघांना ५ ग्रॅमचे सहा डोस, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम दिले होते. पहिल्या दिवशी दिलेल्या क्रिएटिनपैकी ४० टक्के लघवीत गेलं, दुसऱ्या दिवशी ६१ टक्के, तिसऱ्या दिवशी ६८ टक्के. तिसऱ्या दिवशीच! ३० ग्रॅममधले वीसेक ग्रॅम सरळ बाहेर. आणि हे लोक नव्याने सुरू करणारे होते, स्नायूत जागा असलेले. मग महिनाभर कुणी रोज २० ग्रॅम घेत असेल तर त्यातला वाया किती जात असेल याचा हिशोब आता आपण मांडू.

एका पोराचा महिन्याचा हिशोब

समजा जिंतूर रोडवरच्या जिममध्ये येणारा एक पोरगा आहे. वजन ७० किलो, घर शाकाहारी, भरतीच्या मैदानी चाचणीला तीन महिने अवकाश. त्याला कुणीतरी सांगितलंय: रोज चार स्कूप, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, थांबायचं नाही. तो महिनाभर तसं करतो.

३० दिवस रोज २० ग्रॅम म्हणजे ६०० ग्रॅम पावडर. त्यात शुद्ध क्रिएटिन साधारण ५२८ ग्रॅम.

स्नायूंची रिकामी जागा ३५ ग्रॅम. महिन्याची झीज, रोज अडीच ग्रॅमप्रमाणे, ७५ ग्रॅम. त्याच्या शरीराने महिनाभर स्वतः काहीच बनवलं नाही असं पावडरच्या बाजूने धरलं, तरी कामी आलं ११० ग्रॅम. उरलेले ४१८ ग्रॅम लघवीत. पावडरच्या भाषेत जवळपास ४७५ ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅमचे दोन डबे थोडक्यात कमी. शंभर रुपयांतले ऐंशी रुपये.

आता त्याच पोराने दुसरी वाट धरली असती तर? पहिले पाच दिवस रोज चार वेळा ५-५ ग्रॅम, यालाच लोडिंग म्हणतात, आणि नंतर रोज ३ ग्रॅम. पाच दिवसांत १०० ग्रॅम पावडर, म्हणजे शुद्ध ८८ ग्रॅम. जागा भरायला ३५ आणि झिजेला दहा-बारा, असे ४६-४७ ग्रॅम कामी येतात. म्हणजे नीट केलेल्या लोडिंगमध्येसुद्धा जवळपास निम्मं वाया जातं. ही घाईची किंमत आहे. पुढच्या २५ दिवसांत ७५ ग्रॅम, त्यातलं बहुतेक कामी. महिन्याचा एकूण खर्च १७५ ग्रॅम.

तिसरी वाट: पहिल्या दिवसापासून रोज ३ ग्रॅम. महिन्याला ९० ग्रॅम. २५० ग्रॅमचा एक डबा अडीच महिन्यांच्या वर चालतो. आणि स्नायू? हल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नेमकं हेच तपासलं. एका गटाला सहा दिवस २० ग्रॅम, दुसऱ्याला २८ दिवस ३ ग्रॅम. अखेरीस दोघांचा साठा सारखाच, साधारण २० टक्क्यांनी वाढलेला. पहिला गट लवकर पोहोचला, दुसरा उशिरा, पण पोहोचले एकाच ठिकाणी. पुढे टिकवायला २ ग्रॅम पुरले.

हिशोब ढोबळ आहे. तुमच्या अंगात स्नायू किती, तुम्ही मांस किती खाता, यावर आकडे थोडे हलतील. पण ऐंशी टक्के वाया जाणं आणि जवळजवळ काहीच वाया न जाणं यातला फरक कुठल्याही शरीराला पुसता येत नाही.

आता तुम्ही काय करायचं

सुरुवात डब्याच्या मागच्या लेबलपासून. एका स्कूपमध्ये किती ग्रॅम येतं ते वाचा. बहुतेक स्कूप ३ किंवा ५ ग्रॅमचे असतात, पण तो आकडा सपाट भरलेल्या स्कूपचा असतो. शीग लावून भरलेला पाचचा स्कूप सात-आठ ग्रॅमपर्यंत जातो. एकदा छोट्या डिजिटल काट्यावर सपाट स्कूप मोजून घ्या. ५ ग्रॅमचा निघाला तर अर्ध्याहून थोडा जास्त म्हणजे तुमचे ३ ग्रॅम.

त्याच वेळी बाकीचे डबेही बघा. मास गेनर किंवा प्री-वर्कआउट घेत असाल तर त्यातही क्रिएटिन मिसळलेलं असू शकतं. तसं असेल तर रोजचा वाटा तिथूनच गेलेला असतो आणि वेगळा स्कूप जवळपास सगळा लघवीत जातो. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहतो: तीन डबे, तिन्हींत क्रिएटिन, आणि बेरीज कुणीच केलेली नाही.

मग लोडिंग करायचं की नाही ते ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: हातात महिनाभर वेळ असेल तर करू नका. रोज ३ ग्रॅमने चौथ्या आठवड्यात तुम्ही तिथेच असाल. स्पर्धा दहा-पंधरा दिवसांवर असेल तरच लोडिंगला अर्थ आहे, आणि तेव्हाही भरतीवाल्या पोरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोडिंगच्या आठवड्यात स्नायूत पाणी ओढलं जातं आणि वजन साधारण किलोभर वाढतं. गोळाफेकीला त्याने बिघडत नाही. १६०० मीटर धावताना मात्र तो किलो तुम्हालाच वाहून न्यायचा असतो. चाचणीच्या तोंडावर हा प्रयोग नको.

लोडिंग करायचंच असेल तर वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम असा दिवसाचा डोस धरा. ७० किलोला २१, म्हणजे साधारण २० ग्रॅम. तो चार वेळांत वाटा. एकदम २० ग्रॅम ढोसलं तर रक्तात एकच मोठी लाट येते, वाहक आपल्याच वेगाने चालतात, आणि लाटेचा माथा किडनी कापून टाकते. चार छोट्या लाटांत वाहकांना दिवसभर काम मिळतं. पाच-सहा दिवस झाले की थांबा आणि ३ ग्रॅमवर या. बहुतेकांची चूक इथेच होते: लोडिंग सुरू होतं आणि बंद करायचं राहून जातं.

घेण्याची वेळ ही मोठी बाब नाही, तरी दोन गोष्टींचा थोडा उपयोग होतो. १९९२ च्या त्याच अभ्यासात काही जणांना एकाच पायाने सायकल मारायला लावली होती. चालवलेल्या पायाच्या स्नायूत दुसऱ्या पायापेक्षा जास्त क्रिएटिन गेलं. म्हणजे काम केलेला स्नायू जास्त ओढतो. दुसरं, जेवणानंतर इन्सुलिन वाढलेलं असतं आणि तेही स्नायूत जाण्याला मदत करतं. म्हणून व्यायामानंतरच्या जेवणासोबत घ्या. भाकरी-वरण पुरेसं आहे. यासाठी पाण्यात मूठमूठ साखर किंवा ग्लुकोज पावडर कालवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. प्रयोगांत त्यासाठी दर डोसला ९० ग्रॅमच्या वर साखर वापरली होती. रोज इतकी साखर खाऊन आठ स्कूपची जागा चार दिवस आधी भरण्यात शहाणपण नाही.

वाया जातंय हे ओळखायचं कसं

लघवीकडे पाहून कळत नाही. क्रिएटिनला रंग नाही, वासही नाही. लघवी पिवळीजर्द दिसते ती पाणी कमी पडल्याने किंवा मल्टिव्हिटॅमिनमधल्या बी-२ मुळे. लॅबमधल्या साध्या लघवी तपासणीच्या पट्टीवरही क्रिएटिन दिसत नाही. म्हणून ओळखायचं ते हिशोबाने: सुरू करून महिना झालाय आणि रोज ५ ग्रॅमच्या वर घेताय, तर वरचं सगळं जातंय असं धरा.

लघवीला सतत फेस येत असेल, बराच वेळ न जिरणारा, तर ते मात्र क्रिएटिनचं काम नाही. प्रथिन जात असल्याची ती खूण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं.

एक खूण पोटाची आहे. एका वेळी १० ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर पोटात गुडगुड आणि जुलाब होत असतील तर आतड्यात एकदम आलेलं क्रिएटिन पाणी ओढून घेतंय. तोच डोस ५-५ ग्रॅममध्ये विभागला की हा त्रास बहुतेकांचा कमी होतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना, सकाळी मैदानावर तासभर घाम गाळून वर जुलाब, ही जोडी धोक्याची आहे. तेवढ्यासाठी तरी मोठे डोस टाळा. पावडर ग्लासभर पाण्यात घ्या, कोरडी तोंडात टाकू नका.

दुसरी खूण वजनाची. पहिल्या दोन-चार आठवड्यांत आलेलं किलोभर वजन थांबलं की साठा भरल्याचं समजा. वजन थांबलं म्हणून डोस वाढवणारे मी बरेच पाहिले आहेत. ते थांबणं हीच काम झाल्याची पावती असते. आणि काहींना फरक जाणवतच नाही. रोज मटण-मासे खाणाऱ्या काहींचा साठा आधीच वरच्या मर्यादेजवळ असतो. त्यांनी डोस दुप्पट केला तरी जागा निर्माण होत नाही. अशांनी महिनाभर ३ ते ५ ग्रॅम घेऊन पाहावं आणि फरक नसेल तर डबा मित्राला देऊन टाकावा.

रक्त तपासणीत आकडा वाढला तर

क्रिएटिनचा साठा वाढला की त्यातून बनणारं क्रिएटिनिनही थोडं वाढतं, आणि डॉक्टर किडनीचं काम ज्या रक्त तपासणीवरून जोखतात ती क्रिएटिनिनचीच असते. त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही रिपोर्टमधला आकडा मर्यादेच्या काठावर किंवा किंचित वर येऊ शकतो. अंगात स्नायू जास्त असतील, आदल्या दिवशी जड व्यायाम झाला असेल, उन्हात पाणी कमी प्यायलं असेल, तर त्यात आणखी भर. वैद्यकीय तपासणीच्या वेळी असा आकडा आला की घरचे हादरतात.

रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगा: मी क्रिएटिन घेतो, रोज इतकं, इतक्या महिन्यांपासून. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्त तपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा आणि स्नायूंचा तसा परिणाम होत नाही. पण 'हे पावडरमुळेच आहे' असं स्वतः ठरवून वाढलेला रिपोर्ट घडी करून ठेवू नका. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

निरोगी माणसात नेहमीच्या डोसने किडनीला इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्याला आधीच किडनीचा आजार आहे, एकच किडनी आहे, मधुमेह किंवा बीपी आहे, किंवा वय अठराच्या आत आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेणाऱ्यांनाही हेच सांगेन, कारण त्या गोळ्यांचा भार किडनीवर पडतो, उन्हाळ्यात जास्तच.

मध्ये दिवस चुकले तर

सोयाबीन काढायला गावी गेलात, वारीत चाललात, डबा घरीच राहिला. चार दिवस चुकले. परत आल्यावर 'भरून काढायला' लोडिंग करण्याची गरज नाही. भरलेल्या १५० ग्रॅममधून रोज अडीच ग्रॅम झिजतात, त्यातलं काही शरीर स्वतः भरतं. चार दिवसांत फार तर सहा-आठ ग्रॅम कमी होतील, आणि त्याने मैदानावर काही जाणवणार नाही. परत ३ ग्रॅमवर या, किंवा हवं तर आठवडाभर ५ घ्या.

पूर्ण बंद केलंत तर साठा चार ते सहा आठवड्यांत हळूहळू मूळ पातळीवर येतो. वाढलेलं पाण्याचं वजनही त्याबरोबर उतरतं. महिन्याहून जास्त खंड पडला असेल तर नव्याने सुरू करतोय असं समजून पहिल्या दिवसापासून रोज ३ ग्रॅम.